खडा केवढा, आणि कसला?

मुतखड्याच्या रुग्णाच्या हाती सीटी स्कॅनचा रिपोर्ट पडला, की त्याची नजर आधी मिलिमीटरवर जाते. खडा ८ चा आहे की १३ चा, हे लगेच घरी फोन करून सांगायचं असतं. त्याच ओळीत मिलिमीटरच्या पुढे आणखी एक आकडा छापलेला असतो: ४१० एचयू, ९५० एचयू किंवा १३८० एचयू. तो बहुतेक जण वाचून सोडून देतात. मी रेडिओलॉजिस्ट आहे, हा आकडा रोज मोजून लिहितो, आणि त्याकडे रुग्णांचं लक्ष जात नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण १३ मिलिमीटरच्या दोन खड्यांपैकी एक गोळ्यांनी विरघळू शकतो आणि दुसऱ्याला लेझरने फोडावं लागतं, हा फरक बऱ्याचदा याच आकड्यातून पहिल्यांदा दिसतो. बत्तासा आणि खडीसाखर एकाच मापाची घेतली तरी एक चिमटीत चुरतो आणि दुसरीला खलबत्ता लागतो. खड्यांचंही तसंच आहे.

एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. सीटी स्कॅन बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्लिश अभियंत्याचं नाव या मापाला दिलं आहे. लंडनमधल्या एका रुग्णालयात १९७१ साली पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. मापाची कल्पना साधी आहे. एक्स-रे किरण शरीरातून जाताना प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे अडतात. पाण्यात ते जेवढे अडतात त्याला शून्य धरायचं, हवेला उणे १०००. मग बाकी सगळं या पट्टीवर आपापल्या जागी बसतं. चरबी उणे १०० च्या आसपास येते, मूत्रपिंडाचा मांसल भाग साधारण ३० ला, आणि टणक हाड १००० च्या पुढे. स्कॅनच्या पडद्यावर दिसणारा प्रत्येक करडा ठिपका हा खरं तर असा एकेक आकडा असतो. आकडा मोठा, तर ठिपका पांढरा.

मुतखडा या पट्टीवर कुठे बसतो हे तो कशाचा बनला आहे यावर अवलंबून असतं. युरिक ॲसिडचा खडा साधारण २०० ते ५०० च्या दरम्यान येतो. कॅल्शियम ऑक्झॅलेटचा, म्हणजे सर्वांत जास्त आढळणारा खडा, बहुधा १००० च्या वर जातो, आणि त्याचा घट्ट स्फटिकांचा प्रकार १५०० पर्यंतही पोचतो. जंतुसंसर्गातून तयार होणारे खडे आणि सिस्टीनचे खडे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतात. या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. ७०० एचयू वाचून खडा नेमका कसला हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण ४०० आणि १४०० यांत गल्लत होण्याची शक्यता फारच कमी.

हा आकडा मोजायला सीटी लागतोच. सोनोग्राफीत खडा चमकदार दिसतो, त्याच्यामागे काळी सावली पडते, मूत्रपिंडाला आलेली सूजही कळते. पण तो किती घन आहे हे तिथे कळत नाही, कारण ध्वनिलहरी कुठल्याही कठीण पृष्ठभागावरून सारख्याच उसळून परत येतात. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा तर आतड्यातल्या वायूआड लपतो आणि सोनोग्राफीत सापडतच नाही. साध्या एक्स-रेत कॅल्शियमचे खडे दिसतात. मात्र ती एक सपाट सावली असते. पाठीचा कणा, आतडी, मल हे सगळं तिच्यात एकावर एक येतं आणि कमी घनतेचा खडा त्यात हरवून जातो. सीटी शरीराचे पातळ काप दाखवतो. ४०० एचयूचा खडा एक्स-रेत अदृश्य असला, तरी कापात तो ३० एचयूच्या मूत्रपिंडात पांढरा ठिपका म्हणून उठून दिसतो. रंगाचं इंजेक्शन यात लागत नाही, किंबहुना ते नकोच. कारण तो रंग मूत्रपिंडातून लघवीत उतरला, की तोही पांढराच दिसतो आणि खडा त्यात बुडून जातो.

आता किरणांचा प्रश्न. तो विचारणारे रुग्ण बरोबरच विचारतात. मुतखडा हा परत परत होणारा आजार आहे. तिशीत पहिला खडा झालेल्या माणसाचे पुढच्या आयुष्यात किती स्कॅन होतील हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून प्रत्येक स्कॅनची मात्रा जपूनच वापरायला हवी. आपण सगळेच जमिनीतून, हवेतून, अवकाशातून येणारी थोडी किरणं सतत झेलत असतो. जगाची सरासरी काढली तर ती वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट भरते. पोटाच्या नेहमीच्या सीटीत ८-१० मिलिसीव्हर्टपर्यंत मात्रा जाऊ शकते. मुतखड्यासाठी केलेला लो डोस सीटी साधारण १ ते ३ मध्ये होतो, म्हणजे वर्षभराच्या नैसर्गिक मात्रेच्या आसपास.

मात्रा कमी कशी करतात, तर मुख्यतः मशीनच्या नळीतला विद्युतप्रवाह उतरवून. किरणं कमी सुटली की चित्र रवाळ होतं. यकृताकडे पाहिलं तर वाळू पसरल्यासारखं दिसतं. यकृतातली बारीकशी गाठ शोधायची असती, तर असं चित्र चाललं नसतं. पण खडा आणि मूत्रपिंड यांच्यात शेकड्यांचं अंतर आहे. ठिपक्या-ठिपक्यात वीस-तीस आकड्यांची खळबळ झाली, तरी हजाराचा खडा लपत नाही. आधुनिक मशीनमधली संगणकीय पद्धत ही वाळूही बरीच गाळून देते. त्याशिवाय तंत्रज्ञाने दोन गोष्टी पाळायच्या असतात. मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंतच स्कॅन करायचा, छाती त्यात ओढायची नाही. आणि एकच फेरी घ्यायची. रुग्णाच्या वाट्याला येणारं काम थोडं असतं: पट्टा, नाडीवरची धातूची क्लिप काढून ठेवायची, लघवी थोडी भरलेली ठेवायची म्हणजे मूत्रवाहिनीचं खालचं टोक नीट दिसतं, आणि सांगितल्यावर काही सेकंद श्वास रोखायचा.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. माणूस खूप स्थूल असेल, बॉडी मास इंडेक्स ३० च्या वर असेल, तर कमी केलेली किरणं पोटातून पलीकडे पुरेशी पोचतच नाहीत आणि चित्रात आडवे पट्टे येतात. तिथे मात्रा वाढवावी लागते, त्याला इलाज नाही. ३ मिलिमीटरहून लहान खडे लो डोसमध्ये कधी कधी निसटतात. सुदैवाने असे खडे बहुतेकदा आपोआपच पडून जातात. गरोदरपणात सोनोग्राफीच आधी, आणि मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला पाळीची तारीख विचारल्याशिवाय स्कॅनच्या टेबलावर घेऊ नये. विचारायला संकोच वाटतो, म्हणून हा प्रश्न राहून गेलेला मी पाहिला आहे. तो राहू नये.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. ५१ वर्षांचे गृहस्थ, एसटीचे चालक, मराठवाड्यातल्या एका डेपोत नोकरी. मधुमेह आठ-दहा वर्षांपासून, पोट सुटलेलं पण फार नाही. उन्हाळ्यात लांबच्या गाडीवर असताना वाटेत लघवीला थांबायला नको म्हणून पाणी कमी पिण्याची सवय. एका रात्री डाव्या कुशीतून कळ निघाली ती जांघेपर्यंत उतरली, उलट्या झाल्या. सकाळी सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या मधल्या पोकळीत १३ मिलिमीटरचा खडा आणि किंचित सूज दिसली. तेवढ्यावरच त्यांना एके ठिकाणी सांगितलं गेलं, “ऑपरेशन करून टाका.” दुसऱ्या डॉक्टरांनी आधी साधा एक्स-रे काढला. त्यात खडा दिसला नाही. नातेवाईक म्हणाले, “मग तो पडला असेल, साहेब.” डॉक्टरांना मात्र इथेच पहिला धागा मिळाला. सोनोग्राफीत १३ मिलिमीटरचा खडा आहे आणि एक्स-रेत त्याची खूणही नाही, म्हणजे तो कॅल्शियमचा नसण्याची शक्यता मोठी. त्यांनी लो डोस सीटी लिहून दिला.

स्कॅन माझ्यासारख्या माणसासमोर येतो तेव्हा काय होतं ते जवळून सांगतो. आधी दोन्ही मूत्रपिंडं, मग मूत्रवाहिनीचा मार्ग वरून खाली एकेक काप सरकवत पाहायचा, मूत्राशयाशी ती जिथे जोडली जाते त्या अरुंद जागेवर थांबायचं. कळ मुख्य खड्याची नसून खाली अडकलेल्या दुसऱ्या लहान खड्याची असू शकते, म्हणून ही पाहणी टाळता येत नाही. ओटीपोटातल्या शिरांमध्ये साठलेले चुन्याचे बारीक गोळे अगदी खड्यासारखे दिसतात. खड्याभोवती सुजलेल्या मूत्रवाहिनीचं पातळ करडं कडं असेल तर तो खडा. त्या गोळ्याला बहुधा एका बाजूला शेपटी असते.

मग चित्राची मांडणी बदलायची. मऊ अवयव पाहण्याच्या मांडणीत खडा फुगलेला दिसतो, १३ चा १५ वाटू शकतो. हाडं पाहण्याच्या मांडणीत त्याची खरी कड दिसते. तिथे लांबी-रुंदी मोजायची. आणि आता माउसने खड्याच्या आत एक लहान गोल काढायचा. गोल कडेला टेकता कामा नये. तो केसभर बाहेर सरकला तरी भोवतालची लघवी किंवा चरबी त्यात येते आणि सरासरी घसरते. गोल सोडला, की पडद्यावर आकडा उमटतो. या गृहस्थांच्या खड्यात तो आला ४१०. दोन-तीन कापांत पुन्हा मोजला तरी ३९० ते ४३०. खडा १३ बाय ९ मिलिमीटर, एकजिनसी, बाकी मूत्रमार्ग मोकळा.

मूत्रविकार तज्ज्ञांनी हा आकडा एकटा वाचला नाही. लघवीचा पीएच ५.५ होता, म्हणजे चांगलीच आम्ल. मधुमेहात लघवी आम्ल राहण्याकडे कल असतो आणि युरिक ॲसिड आम्ल लघवीतच खडा होऊन बसतं. लघवीत पू नव्हता, ताप नव्हता, क्रिएटिनिन ठीक होतं. कमी एचयू, एक्स-रेत न दिसणं, आम्ल लघवी, मधुमेह: चारही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. युरिक ॲसिडचा खडा हा तोंडाने घेतलेल्या औषधाने खरोखर विरघळवता येणारा खडा आहे, आणि तेवढ्या बाबतीत तो भाग्याचा. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच ७ च्या जवळ आणायचा, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं, आणि घरी रोज पट्टी बुडवून रंग पाहायचा.

ही पट्टी फार महत्त्वाची. पीएच ६ वर अडकला तर औषध पुरेसं नाही आणि महिने फुकट जातात. तो ७.२ च्या बराच वर गेला, तर कॅल्शियम फॉस्फेट बसू लागतं आणि विरघळणाऱ्या खड्यावरच न विरघळणारं कवच चढू शकतं. पोटॅशियम सायट्रेटमुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाने हे औषध मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नये. या चालकांना डॉक्टरांनी डेपोतून हलक्या मार्गाची ड्यूटी मागून घ्यायला लावली, कारण पाणी प्यायचं तर लघवीला थांबायची सोय हवी. सहा आठवड्यांनी सोनोग्राफीत खडा ६-७ मिलिमीटरवर आला होता. तीन महिन्यांनी केलेल्या लो डोस सीटीत तो नव्हता. सोनोग्राफीतले १३ मिलिमीटर पाहून जे ऑपरेशन ठरत होतं, ते टळलं.

हे ऐकून कुणाला वाटेल की सगळे खडे असेच विरघळतील. तसं होत नाही. कॅल्शियम ऑक्झॅलेट विरघळवणारं तोंडी औषध आजही नाही. कुळथाचं कढण आपल्याकडे घरोघरी देतात. ते पातळ असल्यामुळे पोटात पाणी जातं, तेवढं बरंच आहे. पण १३०० एचयूचा खडा त्याने विरघळण्याची वाट पाहत सहा महिने काढले आणि तेवढ्यात मूत्रपिंड फुगून बसलं, असे रुग्ण येतात. त्यांचा दोष नसतो. खडा कसला आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एचयूचा दुसरा मोठा उपयोग बाहेरून शॉकवेव्हने खडा फोडायचा की नाही हे ठरवताना होतो. त्याला लिथोट्रिप्सी म्हणतात. जर्मनीत म्युनिकमध्ये १९८० साली ती माणसावर पहिल्यांदा झाली. रुग्ण टेबलावर झोपतो, मशीनमधून निघालेल्या दाबलहरी त्वचेतून आत जाऊन खड्यावर एकवटतात, मिनिटाला ६० ते ९० या गतीने दोन-तीन हजार ठोके बसतात. चिरा पडतात, खडा तुटतो, आणि तुकडे लघवीतून पडतात. चीर नाही, दुर्बीण नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. खडा जितका घन, तितके हे ठोके त्याला कमी तोडतात. दिल्लीच्या एम्समधल्या मूत्रविकार शल्यतज्ज्ञांनी २००५ मध्ये सीटीवरची घनता आणि लिथोट्रिप्सीचा निकाल यांचा मेळ घालून पाहिला. त्यांना ७५० एचयूच्या आसपास रेघ दिसली: त्याखालचे खडे कमी बैठकांत फुटून निघून गेले, वरच्यांना जास्त बैठका लागल्या आणि पूर्ण साफ होण्याचं प्रमाणही घटलं. इतर ठिकाणी ही रेघ ९०० किंवा १००० वर निघाली. मशीन, ठोक्यांचा जोर, खड्याची जागा बदलली की रेघ सरकते. आज बहुतेक तज्ज्ञ १००० च्या वरचा खडा असेल, तर लिथोट्रिप्सीचा आग्रह धरत नाहीत.

दुसरी एक रुग्ण घेऊ. ३८ वर्षांच्या शिक्षिका, उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात १२ मिलिमीटरचा खडा. म्हणजे चालकांच्या खड्याहून मिलिमीटरने लहानच. मैत्रिणीला लिथोट्रिप्सीचा छान गुण आला होता, म्हणून यांनाही तीच हवी होती. सीटीत घनता आली १३८०. त्याच चित्रावर आणखी एक अंतर मोजतात, कातडीपासून खड्यापर्यंतचं. ते पाठीकडून, तिरकं आणि बाजूने, असं तीन कोनांतून घेऊन सरासरी काढतात; १० सेंटिमीटरच्या पुढे गेलं, की लहरींचा जोर खड्यापर्यंत कमी पोचतो. यांचं अंतर साडेअकरा भरलं. त्यात खडा खालच्या कप्प्यात. तिथे तो फुटला तरी तुकड्यांना चढ चढून बाहेर पडावं लागतं. तीन गोष्टी विरुद्ध असताना लिथोट्रिप्सी केली असती, तर दोन-तीन बैठका, त्यांचा खर्च, मध्येच तुकडे मूत्रवाहिनीत अडकून उठणारी कळ, आणि शेवटी बहुधा दुर्बीणच. डॉक्टरांनी हा आकडा त्यांच्यासमोर पडद्यावर दाखवला आणि लघवीच्या मार्गाने लवचीक दुर्बीण आत नेऊन लेझरने खडा फोडायचं ठरलं. लेझर जवळजवळ कुठलाही खडा फोडतो. १३८० एचयूला फक्त वेळ जास्त लागतो, आणि तो किती लागेल याचा अंदाजही एचयूवरूनच येतो. खडा २० मिलिमीटरच्या पुढे असता, तर पाठीतून छोटं छिद्र घेऊन काढणं बरं पडलं असतं. आकार मोठा झाला की घनतेचं वजन असं कमी होत जातं. ५ मिलिमीटरच्या आतला खडा मूत्रवाहिनीत असेल, तर बहुतेकदा तो आपोआप पडतो, तिथेही एचयूवर फार काही अडत नाही. घनतेचा निर्णायक शब्द चालतो तो मधल्या पट्ट्यात, साधारण ६-७ पासून २० मिलिमीटरपर्यंत.

ताप, थंडी आणि अडलेला खडा एकत्र आले, तर मात्र एचयू बाजूला ठेवायचा. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला, तर तो रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. तिथे त्याच दिवशी स्टेंट किंवा पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून देतात. खड्याचं काय ते नंतर. एकच मूत्रपिंड असलेल्याला लघवी बंद झाली तरी हेच.

आता हा आकडा फसवतो कुठे ते पाहू, कारण रिपोर्टवर छापलं आहे म्हणून तो खराच असं समजण्यात धोका आहे. सर्वांत जास्त फसवणूक लहान खड्यात होते. समजा ३ मिलिमीटरचा, खरोखर १२०० एचयूचा खडा आहे आणि चित्राचे काप ५ मिलिमीटर जाडीचे बनवले आहेत. त्या जाड कापात निम्मा खडा आणि निम्मा मूत्रपिंडाचा ३० एचयूचा मऊ भाग आला, तर मशीन दोहोंची सरासरी दाखवतं: सुमारे ६१५. टणक कॅल्शियमचा खडा कागदावर मऊ होऊन जातो, आणि कुणीतरी त्याला विरघळवायचं औषध सुरू करतं. म्हणून काप १ ते ३ मिलिमीटरचे बनवून मोजायला हवेत. स्कॅन तोच असतो, किरणं वाढत नाहीत. संगणकावर पुन्हा पातळ काप बनवले की झालं. रिपोर्टवर कापांची जाडी लिहिलेली नसेल, तर विचारायला काहीच हरकत नाही. सीडी जपून ठेवावी ती याच कारणासाठी. फिल्मवर छापलेल्या चित्रात पुन्हा काही मोजता येत नाही, सीडीतल्या मूळ चित्रात येतं.

दुसरी गफलत लो डोसच्याच वाटेने येते. विद्युतप्रवाह कमी केला तर एचयू बदलत नाही. चित्र रवाळ होतं, पण गोलाच्या आतली सरासरी टिकते. काही ठिकाणी मात्रा घटवण्यासाठी नळीचा व्होल्टेजही १२० वरून १०० किंवा ८० किलोव्होल्टवर आणतात. तेव्हा कॅल्शियमचा आकडा वर चढतो. ८५० चा खडा ९५०-१००० दाखवू शकतो. लिथोट्रिप्सीची रेघ ज्या अभ्यासांतून आली, ते बहुतेक १२० वर झालेले. सीमेवरचा खडा असेल, तर व्होल्टेज किती होता हे पाहिल्याशिवाय निर्णय पक्का करू नये. मजा अशी की याच गुणाचा उपयोग करून ड्युअल एनर्जी सीटी खडा ओळखतो. एकाच वेळी दोन व्होल्टेजवर चित्र घेतलं, तर कॅल्शियमचा आकडा कमी व्होल्टेजला उडी मारतो आणि युरिक ॲसिडचा जवळजवळ जागच्या जागी राहतो. दोन आकड्यांच्या प्रमाणावरून मशीन दोघांना वेगळे रंग देतं. युरिक ॲसिड ओळखण्यात ही पद्धत फार विश्वासाची आहे, पण ती मशीन महाग आणि मोठ्या शहरांतच. तालुक्याच्या ठिकाणी साधा एचयू, लघवीचा पीएच आणि एक्स-रे यांची सांगड घातली, तर चालकांच्या बाबतीत झालं तसं बरंच जमतं.

तिसरी गोष्ट, खडा एकजिनसी नसतो तेव्हा. आत कॅल्शियमचा गाभा आणि बाहेर युरिक ॲसिडचे थर, किंवा उलट. सरासरी ७५० आली, पण गोल कडेपासून गाभ्याकडे सरकवत गेलं तर ४०० पासून ११०० पर्यंत आकडे मिळतात. अशा खड्याला औषध दिलं तर तो अर्धा विरघळून थांबतो. सिस्टीनचा खडा याहून वेगळी अडचण करतो. हा आनुवंशिक आजार आहे, लहान वयात सुरू होतो, आणि त्याची घनता बऱ्याचदा लिथोट्रिप्सीच्या रेघेखालीच येते. तरी शॉकवेव्हला तो दाद देत नाही, कारण त्याचं अंग ठिसूळ नसून चिवट असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला वारंवार खडे होत असतील आणि घरात आणखी कुणाला तसंच असेल, तर ७०० एचयू वाचून लिथोट्रिप्सी ठरवण्याआधी लघवीत सिस्टीन तपासून घ्यायला हवं.

खडा फुटला, पडला किंवा काढला, तरी एक काम उरतं आणि आपल्याकडे तेच बहुतेकदा राहून जातं. लघवी गाळणीतून करून सापडलेला तुकडा, किंवा दुर्बिणीतून काढलेला, डबीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे तो नेमका कशाचा आहे हे कळतं, आणि सीटीवरचा अंदाज बरोबर होता की नाही तेही. शिक्षिकेच्या खड्याचा अहवाल कॅल्शियम ऑक्झॅलेट मोनोहायड्रेट आला, १३८० ला शोभेल असाच. त्यांचा पुढचा आहार, लघवीच्या तपासण्या आणि सहा महिन्यांनी करायची सोनोग्राफी त्या अहवालावरून ठरली. दुसऱ्या मूत्रपिंडात एक ३ मिलिमीटरचा खडा आहे, त्याला सध्या हात लावलेला नाही.